चार्ट बरोबर, फॉस्फटेज निगेटिव्ह, तरीही नॉनकॉन्फॉर्मिटी : पाश्चरायझरचे एक प्रकरण

अन्नसुरक्षेच्या हॅसॅप पद्धतीच्या किंवा आयएसओ 22000 या मानकाच्या लेखी परीक्षेत मॉनिटरिंग, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन यांच्या व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. गाडी अडते ती उदाहरणावर. ‘थर्मामीटरचे कॅलिब्रेशन कशात मोडते?’, ‘फॉस्फटेज चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे पाश्चरायझेशन व्हॅलिडेट झाले का?’ असे विचारले की पर्याय ‘अ’ आणि ‘ब’ सारखेच बरोबर वाटू लागतात. म्हणून इथे व्याख्यांपासून सुरुवात न करता एकच प्रकरण शेवटपर्यंत पाहू. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे, कोणत्याही एका प्रकल्पाचे नाही. त्यातले यंत्र, लिटर आणि सेकंद मात्र एकमेकांशी हिशेबाने जुळतात. कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहा.

प्रकल्प आणि कागदावरची योजना

पश्चिम महाराष्ट्रातला मध्यम आकाराचा दूध प्रकल्प. गावोगावच्या बल्क कूलरमधून टँकरने दूध येते, सायलोत थंड राहते, तिथून बॅलन्स टँक आणि मग पाश्चरायझर. यंत्र नेहमीचे, प्लेटचे. रिजनरेशन विभागात थंड कच्चे दूध बाहेर पडणाऱ्या गरम दुधाकडून उष्णता घेते, पुढे गरम पाण्यावर त्याचे तापमान चढते आणि मग ते होल्डिंग ट्यूबमध्ये शिरते. ही ट्यूब म्हणजे स्टीलची एक लांब, नागमोडी नळी. दूध ठरावीक काळ गरम राहावे एवढेच तिचे काम. नळीच्या शेवटी तापमान मोजणारा आरटीडी सेन्सर आहे आणि त्याला लागूनच फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह, ज्याला सगळे एफडीव्ही म्हणतात. तापमान मर्यादेखाली गेले की हा व्हॉल्व्ह दूध पुढे न सोडता परत बॅलन्स टँकमध्ये वळवतो. दूध किती वेगाने वाहील हे होमोजिनायझर ठरवतो, कारण तो पिस्टनचा पंप आहे. मोटर जेवढी फिरेल तेवढेच लिटर पुढे जातील.

योजनेत पाश्चरायझेशन हा सीसीपी आहे, म्हणजे धोका रोखण्याचा निर्णायक टप्पा. धोका कच्च्या दुधातल्या रोगजंतूंचा. क्रिटिकल लिमिट लिहिले आहे : ‘72 अंश सेल्सियस, 15 सेकंद’. यंत्राचा सेटपॉइंट 74 अंश. 73 ला अलार्म वाजतो आणि 72 ला एफडीव्ही दूध वळवतो. मॉनिटरिंगच्या रकान्यात चार्ट रेकॉर्डरची सलग नोंद आहे आणि दर अर्ध्या तासाला ऑपरेटरने तापमान वाचून वहीत लिहायचे आहे. व्हेरिफिकेशनच्या रकान्यात प्रत्येक बॅचची फॉस्फटेज चाचणी, शिफ्ट इन्चार्जने चार्ट तपासून सही करणे आणि तिमाही कॅलिब्रेशन. व्हॅलिडेशनच्या रकान्यात एकच ओळ : ‘यंत्र बसवताना पुरवठादाराने दिलेला अहवाल’.

त्या अहवालात ताशी 5000 लिटर प्रवाहाला होल्डिंग टाइम मोजलेला होता. तो पुरेसा भरला होता. अहवाल फाइलला लागला आणि तिथेच राहिला.

बदल

गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी मागणी वाढली. शिफ्ट लांबवायची नव्हती, पॅकिंग मशीनची क्षमता शिल्लक होती. मेंटेनन्सच्या इंजिनिअरने होमोजिनायझरच्या ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी 40 हर्ट्झवरून 48 वर नेली. प्रवाह ताशी 5000 लिटरवरून 6000 झाला. बॉयलरला हे झेपत होते, त्यामुळे तापमान 74 च्या आसपासच राहिले. चार्टवर रेघ सरळ, वहीतले आकडे ठीक, फॉस्फटेज रोज निगेटिव्ह. तक्रार करण्यासारखे कुणालाच काही दिसले नाही.

इंजिनिअरने हे डोळे झाकून केले नव्हते, आणि प्रकरणाची खरी गोम इथेच आहे. त्याने हिशेब केला होता. होल्डिंग ट्यूबमध्ये 26 लिटर दूध मावते. ताशी 6000 लिटर म्हणजे सेकंदाला 1.667 लिटर. 26 भागिले 1.667 म्हणजे 15.6 सेकंद. पंधराच्या वरच. त्याने हे डायरीत लिहून ठेवले आणि पुढच्या कामाला लागला.

ऑडिटच्या खोलीत

दोन महिन्यांनी सर्टिफिकेशनच्या आधीचे अंतर्गत ऑडिट झाले. ऑडिटर दुसऱ्या प्रकल्पातल्या मॅडम होत्या. त्यांनी ड्राइव्हच्या पॅनलवर 48 आकडा पाहिला आणि पुरवठादाराच्या अहवालात 5000 लिटर. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी क्वालिटी मॅनेजरना विचारले, “सर, हे पाश्चरायझेशन व्हॅलिडेट कशावर आहे?”

“मॅडम, रोज फॉस्फटेज करतो आपण. एकही पॉझिटिव्ह नाही.”

“ते व्हेरिफिकेशन झालं.”

“आणि चार्ट बघा, दोन महिन्यांत एकदासुद्धा 72 च्या खाली गेलेला नाही.”

“ते मॉनिटरिंग. मी तिसरंच विचारते आहे.”

इथे थोडे थांबू, कारण परीक्षेतला प्रश्न नेमका हाच असतो. फक्त तिथे मॅडम नसतात.

चार्ट सांगतो की ठरलेली मर्यादा आत्ता पाळली जात आहे की नाही. त्याच्यावर काम करणारा माणूस यंत्रापाशीच उभा असतो आणि मर्यादा ओलांडली तर त्याच क्षणी काहीतरी करू शकतो. ते मॉनिटरिंग. नियंत्रणाच्या मापांचे आधी ठरवलेल्या क्रमाने निरीक्षण किंवा मोजमाप करायचे आणि त्यावरून नियंत्रण ताब्यात आहे का हे ठरवायचे. मर्यादा मुळात योग्य आहे का, हे चार्टला माहीत नसते. क्रिटिकल लिमिट चुकून 62 लिहिले असते, तर त्याने 62 चीसुद्धा सुंदर सरळ रेघ काढून दिली असती.

फॉस्फटेज चाचणी सांगते की जे करायचे ठरले ते खरोखर घडले का. अल्कलाइन फॉस्फटेज हे कच्च्या दुधात असणारे एन्झाइम. नीट पाश्चराइझ केलेल्या दुधात ते निकामी होते. ते सापडले तर दूध पुरेसे तापले नाही किंवा तापलेल्या दुधात कच्चे मिसळले. प्लेटला सुईएवढे भोक पडून रिजनरेशनमध्ये कच्चे दूध झिरपत असेल, तर तापमानाचा चार्ट शेवटपर्यंत निर्दोष राहील आणि ही चाचणी मात्र बोट दाखवेल. मॉनिटरिंगखेरीज वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या बाजूने घेतलेला हा पुरावा आहे. व्हेरिफिकेशनची व्याख्याही तेच सांगते : मॉनिटरिंगव्यतिरिक्तच्या पद्धती, चाचण्या आणि मूल्यमापन वापरून नियंत्रण ठरल्याप्रमाणे चालते आहे, किंवा चालले होते, हे ठरवणे.

मग तिसरा प्रश्न उरतो. सगळे ठरल्याप्रमाणे चालले, तर धोका खरोखर आटोक्यात येतो का? ‘नीट राबवले तर’ हे शब्द व्हॅलिडेशनच्या व्याख्येत आहेत आणि परीक्षेत ते पाहिले की पेन तिथेच टेकवावे. व्हॅलिडेशनला आजच्या बॅचशी देणेघेणे नसते. मर्यादेच्या अगदी काठावर, म्हणजे सगळ्यात वाईट पण तरीही योजनेने मान्य केलेल्या स्थितीत, नियंत्रण पुरते का याचा पुरावा त्याला हवा असतो.

आता क्वालिटी मॅनेजरांचे उत्तर कुठे कमी पडले ते स्पष्ट होईल. दोन महिने दूध 74 अंशांच्या आसपास तापले. तेवढ्या तापमानाला दोन सेकंद कमी मिळाले तरी फॉस्फटेज निकामी होते आणि चाचणी निगेटिव्ह येते. पण योजनेने परवानगी 74 ला दिलेली नाही, 72 ला दिली आहे. उद्या वाफेचा दाब उतरला आणि तापमान 72.1 वर टेकले, तर अलार्म वाजेल पण एफडीव्ही दूध पुढे सोडत राहील. त्या 72.1 अंशांच्या दुधाला 15 सेकंद मिळतात का? एकाही चार्टने किंवा फॉस्फटेजच्या नोंदीने याचे उत्तर दिलेले नव्हते, कारण ती स्थिती दोन महिन्यांत आलीच नव्हती.

सरासरी आणि सगळ्यात घाईचा थेंब

इंजिनिअरने डायरी पुढे केली. 15.6 सेकंद. मॅडमनी ती वाचली आणि म्हणाल्या, “दादा, हा सरासरी थेंबाचा वेळ आहे. मला सगळ्यात घाईतला थेंब हवा.”

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या दुधाच्या स्वच्छतेविषयीच्या संहितेत किमान पाश्चरायझेशन सांगताना दुधाचा प्रत्येक कण 72 अंशांवर 15 सेकंद, किंवा बॅच पद्धतीत 63 अंशांवर 30 मिनिटे, असा निकष आहे. प्रत्येक कण. नळीत मात्र सगळे दूध एकाच वेगाने वाहत नाही. भिंतीला चिकटून वाहणारे मागे राहते, मधले पुढे पळते. प्रवाह खळाळता असेल तर मधल्या दुधाचा वेग सरासरीच्या सुमारे सव्वापटीपर्यंत जातो. प्रवाह संथ आणि थरांचा असेल, जसा दाट द्रवात होतो, तर तो दुप्पट होऊ शकतो. साध्या दुधाचा प्रवाह या नळीत खळाळताच असतो, तरी आकारमान भागिले प्रवाह या भागाकारातून येणारा वेळ सगळ्यात वेगवान कणाच्या वेळेपेक्षा नेहमीच जास्त निघतो.

म्हणून होल्डिंग टाइम भागाकाराने सिद्ध करत नाहीत, मोजतात. नेहमीची रीत मिठाची. यंत्र पाण्यावर चालवायचे, आणि तेही ज्या सर्वांत जास्त प्रवाहाला परवानगी द्यायची आहे त्या प्रवाहाला. ट्यूबच्या तोंडाशी मिठाचे संपृक्त द्रावण झटक्यात टोचायचे. दोन्ही टोकांना विद्युतवाहकता मोजणारे इलेक्ट्रोड लावलेले असतात. तोंडाशी वाहकता उसळली की घड्याळ सुरू होते आणि शेवटच्या टोकाला ती उसळायला लागली की थांबते. शेवटच्या टोकाची उसळी शिखराला पोचेपर्यंत थांबायचे नाही, पहिली चाहूल लागली तोच वेळ घ्यायचा, कारण पहिली चाहूल म्हणजेच सगळ्यात घाईचा कण. हे सलग सहा वेळा करतात. वाचने एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती अर्ध्या सेकंदाहून जास्त विखुरली तर पंप, हवा ओढणारा एखादा जोड किंवा मोजणीतच दोष आहे असे समजून तो आधी शोधायचा. पाण्याला आणि दुधाला यंत्र सारखाच प्रवाह देते का हेही ठरावीक आकारमान भरायला लागणाऱ्या वेळेवरून पाहायचे आणि फरक असेल तर वेळ त्या प्रमाणात दुरुस्त करायचा.

इथे दोन्ही प्रवाहांना चाचणी घेतली. ताशी 5000 लिटरला सर्वांत कमी वेळ आला 15.7 सेकंद. पुरवठादाराचा जुना अहवाल खरा होता. ताशी 6000 ला सर्वांत कमी वेळ 13.1 सेकंद. इंजिनिअरच्या 15.6 आणि या 13.1 मधली अडीच सेकंदे म्हणजे सरासरी आणि प्रत्यक्ष यांतले अंतर. नॉनकॉन्फॉर्मिटी लिहिली गेली ती व्हॅलिडेशनवर : प्रक्रियेत बदल झाला, क्रिटिकल लिमिटमधल्या वेळेच्या भागाला आधार देणारा पुरावा त्या बदलाला लागू नव्हता आणि बदल अमलात येण्याआधी तो नव्याने घेतला गेला नाही.

मॉनिटरिंगवरही एक टिपण लिहिले गेले, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे होते. क्रिटिकल लिमिटमध्ये दोन मापे आहेत, अंश आणि सेकंद. मॉनिटरिंग फक्त अंशांचे होते. सेकंद कोणी पाहतच नव्हते, कारण यंत्र बसवल्यापासून ते बदलणार नाहीत असे सर्वांनी गृहीत धरले होते. होल्डिंग टाइम दर तासाला मोजता येत नाही हे खरे. पण तो ज्याच्यावर अवलंबून आहे तो प्रवाह पाहता येतो.

विकल्या गेलेल्या दुधाचे काय?

व्हॅलिडेशनचा पाया ढळला, म्हणजे दोन महिने विकलेले दूध असुरक्षित ठरते का? लेखी परीक्षेत हे विचारतातच असे नाही, पण तोंडी मुलाखतीत हमखास विचारतात. उत्तर थेट ‘हो’ नाही आणि थेट ‘नाही’ही नाही. त्या काळातल्या नोंदी काढून मूल्यमापन करावे लागते.

चार्टवरून एफडीव्ही पुढे सोडत असतानाचे सर्वांत कमी तापमान शोधले. 73.4 अंश. सेन्सरच्या शेवटच्या कॅलिब्रेशनमध्ये चूक 0.3 अंशांच्या आत होती, म्हणून वाईटात वाईट धरून खरे तापमान 73.1 मानले. तापमान वाढले की जंतू मरण्याचा वेग किती वाढतो हे झेड मूल्य सांगते, म्हणजे वेग दहापट व्हायला किती अंश लागतात. कोडेक्सच्या दोन जोड्यांवरून ते काढून पाहता येते. 30 मिनिटे म्हणजे 1800 सेकंद आणि त्याला समतुल्य 15 सेकंद, म्हणजे 9 अंशांत 120 पट. त्यावरून झेड सुमारे 4.3 अंश निघतो. इथे मुद्दाम फार सावध राहून 10 अंश धरला. म्हणजे जादा तापमानाचा फायदा कमीत कमी मोजला. 72 पेक्षा 1.1 अंश जास्त म्हणजे वेग 1.29 पट. 13.1 सेकंदांना 1.29 ने गुणले की 16.9 सेकंद. म्हणजे 72 अंशांवर जवळपास 17 सेकंद तापवल्याइतका परिणाम, तोही सर्वांत घाईच्या कणाला. यासोबत फॉस्फटेजच्या नोंदी ठेवल्या आणि निष्कर्ष लिहिला : त्या काळातले दूध परत बोलावण्याचे कारण नाही.

या हिशेबात चार्ट, कॅलिब्रेशन आणि फॉस्फटेज हे तिन्ही पुरावे वापरले गेले, पण त्याने 6000 लिटरचा प्रवाह व्हॅलिडेट झाला नाही. होऊन गेलेल्या दोन महिन्यांचा तो निवाडा होता, कारण त्या महिन्यांत तापमान कुठवर उतरले हे ठाऊक होते. पुढच्या महिन्यांना योजना 72 पर्यंत उतरायची मुभा देतच होती. त्यामुळे ऑडिटच्या संध्याकाळीच ड्राइव्ह पुन्हा 40 हर्ट्झवर आणून सीलबंद केला.

दुरुस्ती आणि योजनेतली नवी ओळ

मागणी कमी होणार नव्हती, म्हणून ट्यूब वाढवायचे ठरले. नळीचा आतला व्यास 47.8 मिलिमीटर, म्हणजे दर मीटरला सुमारे 1.8 लिटर. साडेतीन मीटर नळी जोडली की आकारमान 26 वरून 32.3 लिटर होते आणि त्याच प्रमाणात 13.1 चे 16.3 सेकंद व्हायला हवेत. हा अंदाज झाला. नळी जोडल्यावर 6000 लिटरला पुन्हा सहा वेळा मिठाची चाचणी घेतली. सर्वांत कमी वेळ 16.2. एफडीव्हीची कट-आउट चाचणीही घेतली : नळीतले पाणी हळूहळू थंड करत नेऊन व्हॉल्व्ह 72 च्या खाली जाण्याआधी वळतो का आणि वळायला एका सेकंदाहून जास्त घेतो का. एवढे झाल्यावर व्हॅलिडेशनच्या रकान्यात नवा अहवाल लागला. त्यात कमाल प्रवाह, नळीची लांबी आणि व्यास, सेन्सरची जागा आणि कोणत्या दुधासाठी हे लागू आहे, हे सगळे लिहिले.

72 अंश आणि 15 सेकंद रोगजंतूंना पुरतात हे प्रकल्पाने प्रयोग करून सिद्ध केले नाही, आणि करायचेही नसते. त्यासाठी संहिता आणि प्रकाशित संशोधन हा पुरावा चालतो. जिवंत रोगजंतू प्रकल्पाच्या यंत्रात सोडून चाचणी घेण्याचा तर प्रश्नच नाही. प्रकल्पाने सिद्ध करायचे ते एवढेच की आपले यंत्र, आपल्या कमाल प्रवाहाला, प्रत्येक कणाला ती स्थिती देते. ‘व्हॅलिडेशन म्हणजे प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवशास्त्रीय अभ्यास’ असा पर्याय परीक्षेत दिसला तर तो अपुरा समजावा.

मॉनिटरिंगमध्ये प्रवाहमापक आला. त्याची नोंद चार्टवर तापमानाच्या शेजारी पडते आणि ताशी 6000 च्या वर गेला की तोही एफडीव्हीला वळवतो. ऑपरेटर दर अर्ध्या तासाला दोन आकडे लिहितो. व्हेरिफिकेशनमध्ये जुने तिन्ही राहिले. त्यात प्रवाहमापकाचे कॅलिब्रेशन, ड्राइव्हच्या सीलची साप्ताहिक तपासणी आणि सहा महिन्यांनी मिठाची चाचणी यांची भर पडली.

मिठाची चाचणी दोन रकान्यांत कशी आली? ट्यूब बदलल्यावर, दूध चालू करण्याआधी घेतली ती व्हॅलिडेशन, कारण तिने विचारले ‘ही रचना पुरते का?’ सहा महिन्यांनी, काहीही न बदलता घेतात ती व्हेरिफिकेशन, कारण ती विचारते ‘सिद्ध केलेली रचना अजून तशीच आहे का?’ यंत्र, मीठ, घड्याळ सगळे तेच. पर्यायांवर खूण करताना उपकरणाचे नाव वाचून थांबू नये, ते कोणत्या प्रश्नासाठी वापरले आहे ते शोधावे.

कॅलिब्रेशन, सही आणि ‘आधी-दरम्यान-नंतर’

थर्मामीटरचे कॅलिब्रेशन मॉनिटरिंगच्या साधनावर होते, म्हणून बरेच जण ते मॉनिटरिंग लिहितात. पण त्यातून आजच्या दुधाचे तापमान कळत नाही. मॉनिटरिंगवर भरवसा ठेवता येतो का, हे कळते. ते व्हेरिफिकेशन.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. अर्ध्या तासाचे मॉनिटरिंग चुकले तर जास्तीत जास्त अर्ध्या तासाचे दूध संशयात येते. कॅलिब्रेशनमध्ये सेन्सर खऱ्यापेक्षा एक अंश जास्त दाखवतो असे निघाले, तर आधीच्या चांगल्या कॅलिब्रेशनपर्यंतचे सगळे दूध संशयात येते. तिमाही कॅलिब्रेशन असेल तर तीन महिन्यांचे, आणि पिशवीतले दूध तर दोन-तीन दिवसांत संपलेले असते. म्हणून चार्टच्या सेन्सरची शेजारच्या स्वतंत्र दर्शक थर्मामीटरशी रोज तुलना करतात. तिमाही काम तसेच राहते, पण मागे वळून पाहायची मुदत एका दिवसावर येते. व्हेरिफिकेशन किती दिवसांनी करायचे हे ठरवताना मालाच्या आयुष्याकडे पाहायचे ते यासाठी.

सहीचा प्रश्नही असाच फसवतो. एकाच चार्टवर दोन सह्या असतात. ऑपरेटरने तापमान वाचले आणि सही केली, ते मॉनिटरिंग. शिफ्ट इन्चार्जने नंतर पूर्ण चार्ट पाहिला, मधे रेघ तुटली आहे का, वळवलेल्या दुधाची नोंद वहीत आहे का हे ताडले आणि सही केली, ते व्हेरिफिकेशन. मॉनिटरिंग करणाऱ्यानेच व्हेरिफिकेशन करू नये, शक्यतो दुसऱ्याने करावे, असे कोडेक्स सांगते. दोन्ही सह्या एकाच हस्ताक्षरात दिसल्या तर ऑडिटर थांबतो तो यामुळेच.

क्लासमध्ये शिकवतात ते ‘व्हॅलिडेशन आधी, मॉनिटरिंग दरम्यान, व्हेरिफिकेशन नंतर’ हे सूत्र आयएसओ 22000 च्या 2018 च्या आवृत्तीतल्या व्याख्यांखालच्या टिपेला धरून आहे आणि बहुतेक प्रश्नांत चालते. या प्रकरणात मात्र ते शब्दशः लावले की घसरते. व्हॅलिडेशन ‘आधी’ झालेलेच होते, पुरवठादाराच्या अहवालात. ते बदलाच्या आधी झाले नाही. सूत्रातल्या ‘आधी’चा अर्थ योजना पहिल्यांदा लागू होण्याआधी, आणि नंतर प्रत्येक बदल लागू होण्याआधी, असा घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट उत्तरपत्रिकेत गुण घालवते, ती म्हणजे प्रश्न कोणत्या चौकटीतला आहे हे न पाहणे. कोडेक्सच्या जुन्या मजकुरात सहावे तत्त्व फक्त व्हेरिफिकेशनच्या पद्धती ठरवण्याचे होते आणि व्हॅलिडेशन त्याच्या पोटात येई. 2020 च्या सुधारणेत सहाव्या तत्त्वात आधी योजना व्हॅलिडेट करणे आणि मग व्हेरिफिकेशनच्या पद्धती ठरवणे, अशी वेगळी नावे आली. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक नियंत्रणांच्या नियमांत (21 CFR Part 117) व्हॅलिडेशन अजूनही व्हेरिफिकेशनच्या कामांच्या यादीत आहे. त्यामुळे ‘व्हॅलिडेशन हा व्हेरिफिकेशनचा भाग आहे : चूक की बरोबर?’ या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी नियमांच्या परीक्षेत एक आणि आयएसओ 22000 च्या परीक्षेत दुसरे येईल. आयएसओमध्ये व्हॅलिडेशन 8.5.3 मध्ये आणि व्हेरिफिकेशन 8.8 मध्ये, अशी दोन स्वतंत्र कलमे आहेत.

नवा अहवाल कुठपर्यंत पुरतो

प्रकल्पाने पुढे त्याच यंत्रावर सुगंधी दूध घ्यायचे ठरवले. साखर घातलेले, साध्या दुधाहून दाट. क्वालिटी मॅनेजरांनी या वेळी आधी अहवालच उघडला. त्यात ‘टोन्ड आणि स्टँडर्डाइज्ड दूध’ असे लिहिले होते. साखर आणि जादा घनपदार्थ जंतूंना उष्णतेपासून थोडे संरक्षण देतात. अमेरिकेच्या दुधाच्या नियमावलीत गोडवलेल्या, किंवा 10 टक्के व त्याहून जास्त फॅट असलेल्या, किंवा 18 टक्के व त्याहून जास्त एकूण घनपदार्थ असलेल्या दुधाला तापमान 3 अंशांनी वाढवतात, म्हणजे 72 च्या जागी 75. या यंत्राचा सेटपॉइंटच 74 होता. सुगंधी दूध तसेच चालवले असते तर चार्ट पुन्हा सरळ रेघ दाखवत राहिला असता.

योजनेत त्यासाठी वेगळी ओळ आली : कट-आउट 75, सेटपॉइंट 77. प्रवाह मात्र 5000 वरच ठेवला. दाट दूध नळीत खळाळते राहते की थरांनी सरकू लागते हे तपासेपर्यंत 16.2 सेकंदांचा आकडा त्याला लावायचा नाही, असे त्याच ओळीत लिहिले.